अवघड वर्षांचे पेपर आणि अनोळखी प्रश्न

2022 साली जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या दोन पेपरांचे मिळून 360 गुण होते. सामायिक गुणवत्ता यादीत येण्यासाठी त्यातले 55 गुण पुरले. 2024 सालीही एकूण गुण 360च होते, पण त्या वर्षी यादीत यायला 109 गुण लागले. पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याला 2022मध्ये 314 गुण होते, तर 2024मध्ये 355. दोन वर्षांत देशातली मुलं दुपटीने हुशार झाली असं कुणी म्हणणार नाही. बदलला तो पेपर. 2022चा पेपर बसलेल्यांच्या अंदाजापेक्षा फार कठीण निघाला होता.

2018 साली तर पेपर काढणाऱ्यांचाही अंदाज चुकला. त्या वर्षी परीक्षा पहिल्यांदाच पूर्णपणे संगणकावर झाली. आधी जाहीर केलेल्या किमान गुणांनुसार पात्र ठरले फक्त 18,138 विद्यार्थी. जागांच्या मानाने ही संख्या इतकी कमी होती की केंद्राच्या सूचनेवरून किमान गुण खाली आणून वाढीव यादी काढावी लागली आणि पात्र विद्यार्थ्यांची संख्या 31,980 झाली. म्हणजे निकालाच्या दिवशी ‘आपण नापास’ असं समजून बसलेली हजारो मुलं काही दिवसांतच पात्र ठरली. त्यांचे गुण तेच होते.

बारावीच्या मुलांना गणित शिकवताना या आकड्यांचा मला फार उपयोग होतो, कारण आत्मविश्वासाबद्दलची एक घट्ट समजूत ते मोडतात. क्लासच्या टेस्टमध्ये चांगले गुण मिळत राहिले की आत्मविश्वास वाढतो आणि तोच परीक्षेत कामाला येतो, असं पालकांना वाटतं आणि बऱ्याच शिक्षकांनाही वाटतं. पण त्या टेस्टमध्ये मुलांना येतो तो ओळखीच्या प्रश्नांचा अनुभव. कालच्या तासाला जे शिकवलं त्याच धाटणीचे प्रश्न आज विचारले जातात. परीक्षेतला चौथा प्रश्न त्या धाटणीचा नसला की मुलगा थबकतो आणि मनात म्हणतो, ‘हा टाइप झालेला नाही.’ पाचवाही तसाच निघाला की हात गार पडतात. त्याने इतके दिवस जमवलेला आत्मविश्वास ‘मला प्रश्न येतात’ या अनुभवावर उभा असतो. ‘न येणाऱ्या प्रश्नाचं काय करायचं ते मला माहीत आहे’ हा अनुभव त्याच्या गाठीशी नसतो.

तो मिळवायची सगळ्यात चांगली आणि फुकटची जागा म्हणजे अवघड वर्षांचे जुने पेपर. जेईई अ‍ॅडव्हान्स्डच्या jeeadv.ac.in या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका ठेवलेल्या असतात आणि त्या कुणालाही उतरवून घेता येतात. त्यातही 2022 आणि 2018 या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मी आवर्जून सोडवायला सांगतो. त्या कशा सोडवायच्या आणि कशा सोडवायच्या नाहीत, हे एकदा नीट सांगावंसं वाटतं. चुकीच्या पद्धतीने सोडवल्या तर त्यांनी नुकसानही होतं.

2022चा पेपर हातात घेऊ. प्रत्येक पेपरात 54 प्रश्न होते आणि वेळ तीन तास. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी तीन मिनिटं वीस सेकंद. त्यातला गणिताचा एक प्रश्न असा होता : 0, 2, 3, 4, 6, 7 हे अंक वापरून 2022 ते 4482 या टप्प्यात किती चार अंकी संख्या तयार होतात? दोन्ही टोकं धरायची, अंक पुन्हा वापरले तरी चालतील. उत्तर म्हणून संख्या लिहायची होती, पर्याय दिलेले नव्हते.

हा प्रश्न मी मुलांसमोर ठेवतो तेव्हा बरेचजण आधी सूत्र शोधतात. क्रमचय, संचय, गुणाकाराचा नियम, सगळं आठवून पाहतात. ‘चार अंकी संख्या किती’ हा प्रकार त्यांनी शेकडो वेळा केलेला असतो, पण 2022 आणि 4482 ही दोन वेडीवाकडी टोकं त्या सवयीत बसत नाहीत. त्यामुळे प्रश्न परका वाटतो आणि पुष्कळजण तो सोडून पुढे जातात.

आता सूत्र बाजूला ठेवू आणि संख्या लिहून पाहू. पहिला अंक 2, 3 किंवा 4 हाच असणार. पहिला अंक 3 असेल तर काही विचारच करायला नको, कारण तीन हजारांतल्या सगळ्या संख्या टप्प्याच्या आत आहेत. उरलेल्या तीन जागी प्रत्येकी सहा अंक, म्हणजे 6 × 6 × 6 = 216. पहिला अंक 2 असेल तर जरा सांभाळायचं. दुसरा अंक 0 नसेल तर तो 2, 3, 4, 6, 7 यांपैकी कुठलाही चालेल आणि पुढच्या दोन जागा मोकळ्या. म्हणून 5 × 36 = 180. दुसरा अंक 0 असेल तर तिसरा अंक 0 चालणार नाही, कारण ती संख्या 2022पेक्षा लहान होईल. तिसरा 2 असेल तर शेवटी 0 चालत नाही, बाकी पाच अंक चालतात : 2022, 2023, 2024, 2026, 2027. तिसरा 3, 4, 6 किंवा 7 असेल तर शेवटचा अंक कुठलाही, म्हणजे 4 × 6 = 24. दोन हजारांतल्या एकूण झाल्या 180 + 5 + 24 = 209. राहिले चार हजार. दुसरा अंक 0, 2 किंवा 3 असेल तर पुढचं सगळं मोकळं : 3 × 36 = 108. दुसरा अंक 4 असेल तर तिसरा जास्तीत जास्त 7, आणि 447 ने सुरू होणारी कुठलीही संख्या 4482च्या आतच राहते. म्हणून आणखी 36. दुसरा अंक 6 किंवा 7 असेल तर संख्या टप्प्याबाहेर. चार हजारांतल्या झाल्या 144. बेरीज 209 + 216 + 144 = 569.

यात दहावीच्या मुलाला कळणार नाही असं काहीही नाही. ज्या वर्षी 55 गुणांवर मुलं यादीत आली, त्याच वर्षीच्या पेपरात हा प्रश्न होता. अवघड पेपरातला प्रत्येक प्रश्न अवघड नसतो, हे वाक्य शिक्षकाने शंभरदा सांगितलं तरी मुलांना पटत नाही. स्वतः घड्याळ लावून पेपर सोडवल्यावर, हा प्रश्न सोडून दिल्यावर, आणि घरी येऊन शांतपणे बसल्यावर तो काही मिनिटांत सुटतो हे पाहिल्यावर ते पटतं. म्हणून अवघड पेपर दोनदा सोडवायला लागतो, आणि माझ्या मते सगळी कमाई या दुसऱ्या बैठकीत आहे.

पहिली बैठक अगदी परीक्षेसारखी. तीन तास, मध्ये उठायचं नाही, फोन दुसऱ्या खोलीत. प्रत्येक उत्तराशेजारी एक छोटी खूण करायची : खात्री असेल तर एक, अंदाज असेल तर दुसरी. वेळ संपली की पेन खाली. उत्तरसूची लगेच उघडायची नाही. जेवण, झोप काहीतरी मध्ये जाऊ द्यायचं. मग दुसरी बैठक, वेगळ्या रंगाच्या पेनाने आणि घड्याळाशिवाय. राहिलेल्या आणि अंदाजाने सोडवलेल्या प्रश्नांकडे परत जायचं आणि जितका वेळ लागेल तितका द्यायचा. उत्तरं तपासायची ती यानंतर.

आता तुमच्याकडे दोन गुणसंख्या असतात. समजा, पहिल्या बैठकीत गणितात साठपैकी पंधरा गुण मिळाले आणि दुसरी बैठक धरून पस्तीस झाले. मधले वीस गुण तुमच्या डोक्यात आधीपासूनच होते, फक्त त्या तीन तासांत तिथवर हात पोचला नाही. या मुलाला आणखी थिअरी वाचायची गरज नाही. कुठला प्रश्न आधी घ्यायचा आणि अडलेल्या प्रश्नाला कधी सोडायचं, हे त्याला शिकायचंय. उलट दुसऱ्या बैठकीनंतरही गुण पंधराचे अठराच झाले, तर दुखणं वेगळं आहे. तिथे धड्याकडे परत गेल्याशिवाय गत्यंतर नाही. नुसत्या पहिल्या बैठकीवरून ही दोन दुखणी ओळखता येत नाहीत, कारण दोन्ही मुलांच्या कागदावर पंधराच दिसतात.

न सुटलेल्या प्रश्नाचं उत्तर पाहायचीही एक रीत आहे. पूर्ण उत्तर एकदम वाचलं की ‘अरे, एवढंच होतं’ असं वाटतं आणि ते खोटं समाधान असतं. उत्तरावर कोरा कागद ठेवायचा, पहिली ओळ तेवढी उघडायची आणि पुन्हा स्वतः प्रयत्न करायचा. अडलं तर दुसरी ओळ. ज्या ओळीनंतर तुम्हाला पुढचं सगळं आपोआप सुचलं, ती ओळ वहीत लिहून ठेवायची, आणि तिच्याशेजारी प्रश्नातला कुठला शब्द किंवा आकडा पाहून ती सुचायला हवी होती हेही लिहायचं. वरच्या प्रश्नासाठी माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं : ‘टप्प्याची टोकं विचित्र असतील तर पहिल्या अंकावरून वाटणी करायची. सूत्र शोधायचं नाही.’ या एका वाक्याने तिला पुढे किती ठिकाणी हात दिला ते मी पाहिलं आहे.

न सुटलेले प्रश्न मी मुलांना चार ढिगांत टाकायला सांगतो. पहिला ढीग : यातली मूळ गोष्टच माहीत नव्हती. दुसरा : माहीत होती, पण इथे लागेल हे सुचलं नाही. तिसरा : सुचलं, पण आकडेमोडीत चुकलं. चौथा : सुटला असता, पण हातच लावला नाही. अनोळखी प्रश्नांची भीती कमी होते ती दुसऱ्या आणि चौथ्या ढिगावर काम केल्याने. दोन-तीन पेपरांनंतर चौथा ढीग लहान होताना दिसला पाहिजे. तसं होत असेल तर एकूण गुण कमी दिसले तरी अभ्यास योग्य चालला आहे, असं मी पालकांना सांगतो.

अनोळखी प्रश्न समोर आला की पहिल्या तीन मिनिटांत नेमकं काय करायचं, यासाठी आणखी एक जुना प्रश्न घेऊ. 2010च्या आयआयटी-जेईईतला हा प्रश्न आहे. S या संचात 1, 2, 3, 4 हे चार घटक आहेत. S च्या विभक्त उपसंचांच्या क्रमरहित जोड्या किती? विभक्त म्हणजे ज्या दोन उपसंचांत एकही घटक सामायिक नाही. क्रमरहित म्हणजे ‘अ आणि ब’ आणि ‘ब आणि अ’ ही एकच जोडी धरायची. पर्याय होते 25, 34, 42 आणि 41.

गणित चांगलं असलेला मुलगा इथे लगेच एक छान विचार करतो. प्रत्येक घटकापुढे तीनच वाटा आहेत : पहिल्या उपसंचात जायचं, दुसऱ्यात जायचं, किंवा कुठेच जायचं नाही. चार घटक, म्हणून 3 × 3 × 3 × 3 = 81. क्रम मोजायचा नाही म्हणून भागिले दोन. आणि उत्तर येतं साडेचाळीस. जोड्या साडेचाळीस असू शकत नाहीत. या क्षणी दोन प्रकारची मुलं दिसतात. एक सगळंच चुकलं म्हणून खोडून टाकतो आणि पुढे जातो, किंवा साडेचाळीसच्या जवळचा पर्याय म्हणून 41 किंवा 42 यांतल्या एकावर अंदाजाने खूण करतो. दुसरा विचारतो : हा अर्धा आला कुठून?

तो विचारण्यासाठी प्रश्न लहान करून पाहायचा. संचात एकच घटक असेल तर? जोड्या दोनच : दोन्ही रिकामे, किंवा एक रिकामा आणि एकात तो घटक. तीच रीत इथे लावली तर 3 भागिले 2, म्हणजे दीड. इथेही अर्ध्याने कमीच. आता कारण दिसतं. ‘दोन्ही रिकामे’ ही जोडी उलटी केली तरी तीच राहते, म्हणून 81 मध्ये ती एकदाच मोजली गेली आहे आणि बाकी प्रत्येक जोडी दोनदा. म्हणून ती एक बाजूला काढायची : 80 भागिले 2 म्हणजे 40, आणि ती एक मिळून 41.

ज्याला तीन वाटांची युक्ती सुचली नाही, त्यालाही रस्ता आहे. एक उपसंच रिकामा असेल तर दुसरा सोळांपैकी कुठलाही : 16. दोन्हींत एकेक घटक : 6. एकात एक आणि दुसऱ्यात दोन : 12. एकात एक आणि दुसऱ्यात तीन : 4. दोन्हींत दोन-दोन : 3. बेरीज 41. सरळ मोजणी, फक्त नेटकी. संच चारच घटकांचा आहे, म्हणजे मोजता येण्याइतका लहान आहे, हे प्रश्नानेच सांगितलेलं असतं. घाबरलेल्या मुलाला ते दिसत नाही, इतकंच.

पहिल्या तीन मिनिटांचं काम यावरून ठरवता येतं. प्रश्न स्वतःच्या शब्दांत एकदा लिहायचा. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड इंग्रजी आणि हिंदीतच होते, त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी तर ही पायरी कधीच गाळू नये. ‘कमीत कमी’ आणि ‘नेमके’ यांतला फरक घाईत निसटतो आणि प्रश्न विनाकारण अवघड वाटतो. मग सगळ्यात लहान उदाहरण घेऊन पाहायचं. मग काही हाती लागलं का ते बघायचं. तीन-चार मिनिटांत कागदावर नवं काही उमटलं असेल तर आणखी तितकाच वेळ द्यायचा. काहीच उमटलं नसेल तर खूण करून पुढे जायचं आणि दुसऱ्या फेरीत परत यायचं. सोडून देणं हा या कामाचाच भाग आहे, आणि तोही सरावानेच जमतो. सोप्या पेपरात सोडून द्यायची वेळच येत नाही, म्हणून तो सराव तिथे होत नाही.

आता उत्तराशेजारच्या त्या दोन खुणांकडे येतो. पेपर तपासताना खात्रीची खूण केलेले किती प्रश्न चुकले, हे वेगळं मोजायचं. पुष्कळ मुलांना इथे धक्का बसतो. काही मुलं वीस ठिकाणी खात्री धरतात आणि त्यातले आठ चूक निघतात. काही मुली, हे मी अनेकदा पाहिलं आहे, बरोबर आलेल्या उत्तरांवरही अंदाजाची खूण करून ठेवतात आणि परीक्षेत ती उत्तरं देतच नाहीत. अलीकडच्या वर्षांत एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकणाऱ्या प्रश्नात पूर्ण बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात आणि चूक पर्याय निवडला तर 2 गुण वजा होतात. तिथे आपल्या खात्रीवर किती विसंबायचं हे माहीत असणं थेट गुणांत उतरतं. पाच-सहा पेपरांत या खुणा मोजल्या की प्रत्येकाला आपला कल कळतो. ज्याची खात्री वारंवार खोटी ठरते त्याने उत्तर एकदा पडताळायची सवय लावावी. जिचा अंदाज वारंवार खरा ठरतो तिने उत्तर द्यायला शिकावं. खरा आत्मविश्वास मी यालाच म्हणतो : स्वतःबद्दलचा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळ येणं.

सरावात कमी गुण पडले तर मुलं खचणार नाहीत का, हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. तो रास्त आहे. याबाबतीत अमेरिकेतल्या डग रोहरर आणि केली टेलर या दोन संशोधकांचा 2007 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. त्यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना काही अपरिचित घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची उदाहरणं सलग सोडवली, दुसऱ्या गटाने सगळ्या आकृतींची सरमिसळ. सरावाच्या वेळी सलग सोडवणाऱ्यांची 89 टक्के उत्तरं बरोबर आली आणि सरमिसळ करणाऱ्यांची 60 टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटलं : सलग सोडवणारे 20 टक्के, सरमिसळवाले 63 टक्के. सलग सोडवताना कुठली रीत लावायची हे शोधावंच लागत नाही, कारण ती आधीच ठरलेली असते. सरमिसळीत दरवेळी आधी प्रश्न ओळखावा लागतो. धड्याच्या शेवटची उदाहरणं आणि जुना पेपर यांत नेमका हाच फरक आहे, आणि अवघड वर्षाचा पेपर त्या ओळखण्याच्या कामालाच जास्त ताण देतो.

पण या प्रयोगातल्या मुलांना सगळ्या रीती आधी शिकवलेल्या होत्या, हे विसरून चालणार नाही. जे शिकलेलंच नाही त्याची सरमिसळ करून काही साधत नाही. अकरावीचा अभ्यास अर्धा झालेल्या मुलापुढे 2022चा अख्खा पेपर ठेवणं म्हणजे त्याला घाबरवणं आहे. अशा मुलासाठी अवघड वर्षांच्या पेपरांतून त्याच्या झालेल्या चार-पाच धड्यांवरचे प्रश्न निवडून बारा-पंधरा प्रश्नांचा छोटा संच करावा. अभ्यासक्रमही पाहावा. 2023पासून या परीक्षेचा अभ्यासक्रम बदलला आहे, त्यामुळे जुन्या पेपरातला एखादा प्रश्न आता लागू नसतो आणि नवे काही भाग जुन्या पेपरांत सापडतच नाहीत. 2006पूर्वीच्या पेपरांत सविस्तर उत्तरं लिहायची असत. त्यातले प्रश्न सुंदर आहेत, एकेक करून सोडवायला जरूर घ्यावेत, पण तेव्हाचे गुण आजच्या परीक्षेशी ताडून पाहू नयेत. आणि जुन्या पेपरातही चुका असतात. 2017 साली काही प्रश्नांतल्या त्रुटींमुळे सर्वांना गुण द्यावे लागले होते. म्हणून एखादा प्रश्न कितीही डोकं खाजवून सुटत नसेल तर अधिकृत उत्तरसूची आधी पाहावी.

बाजारात मिळणाऱ्या ‘अतिकठीण’ सराव पेपरांबद्दल माझं मत कडक आहे. त्यातले बरेच पेपर नुसती आकडेमोड लांबवून अवघड केलेले असतात. लांब आकडेमोडीने मुलगा दमतो, अनोळखी विचाराशी त्याची गाठ पडत नाही. वरचे दोन्ही प्रश्न पाहा : आकडेमोड किरकोळ आहे, अडचण आहे ती सुरुवात कुठून करायची यात. कुठलाही सराव पेपर घेतला की त्यातले चार प्रश्न असे तपासावेत. उत्तर पाहिल्यावर ‘हे मला सुचायला हवं होतं’ असं वाटलं तर पेपर चांगला. ‘एवढं कोण लिहीत बसणार’ असं वाटलं तर तो बाजूला ठेवावा.

किती पेपर आणि कधी, याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर आठवड्याला एक अवघड पेपर, दोन्ही बैठका आणि ढिगांसह, बहुतेकांना झेपतो. मध्ये एखादा साधा पेपर असावा, म्हणजे वेगही टिकतो. शेवटच्या आठवड्यात मी नवा अवघड पेपर देत नाही. तेव्हा वहीतली ‘हे पाहून हे सुचायला हवं’ ही पानं चाळायची, आणि आधी सोडवलेल्या अवघड पेपरातले दुसऱ्या ढिगातले प्रश्न पुन्हा करायचे. महिन्याभरापूर्वी न सुचलेला प्रश्न आता सुचतो का, याहून चांगली परीक्षा नाही. तीन-चार पेपर झाले तरी पहिला ढीगच अर्ध्याहून मोठा राहत असेल तर पेपर थांबवून पुस्तकाकडे जावं. मूल पेपरच्या आदल्या रात्री झोपत नसेल, किंवा पेपर तपासायचंच टाळत असेल, तरीही थांबावं.

हे सगळं जेईईचं झालं. एमएचटी-सीईटीला हेच जसंच्या तसं लावू नये. तिथे वेग जास्त महत्त्वाचा आहे आणि त्या परीक्षेचे स्वतःचे जुने पेपरच सोडवले पाहिजेत. बोर्डाच्या परीक्षेलाही अनोळखी प्रश्न थोडेच असतात. पण दोन बैठका, चार ढीग आणि खात्रीच्या खुणा या तीन गोष्टी तिथेही चालतात.

पालकांना एक विनंती. मुलाने 2022चा पेपर घरी सोडवला आणि गुण कमी पडले, तर त्याच्या क्लासमधल्या टेस्टच्या गुणांशी त्यांची तुलना करू नका. त्या वर्षी 1,55,538 विद्यार्थी परीक्षेला बसले आणि 40,712 पात्र ठरले, आणि त्यात येण्यासाठी 360पैकी 55 गुण पुरले होते. मुलाला विचारायचंच असेल तर इतकंच विचारा : दुसऱ्या बैठकीत आणखी किती प्रश्न सुटले?